मुदत हुकली तरी परतावा मागता येतो

समजा, एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे उत्पन्न करमर्यादेच्या आत आहे. तरी 2021-22 मध्ये बँकेने ठेवीच्या 60,000 रुपये व्याजातून 10 टक्के, म्हणजे 6,000 रुपये टीडीएस कापला. त्या आजारी असल्याने विवरणपत्र राहिले आणि उशिरा भरण्याची मुदतही 31 डिसेंबर 2022 ला संपली.

तरीही आयकर कायद्याच्या कलम 119(2)(बी) प्रमाणे प्रधान आयकर आयुक्तांकडे विलंब माफीचा अर्ज करता येतो. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत, इथे 31 मार्च 2028 पर्यंत, तो द्यावा. उशिराचे कारण तारखांसह लिहून दवाखान्याचे कागद व फॉर्म 26एएस जोडावा. मंजुरी मिळाली की विवरणपत्र भरावे. परतावा त्यानंतरच येतो, पण त्यावर व्याज मिळत नाही.