रान विकलं, आता कर किती?

बार्शीजवळचं दोन एकर रान जून 2025 मध्ये 44 लाखांना विकलं. खरेदीखत झालं, पैसे बँकेत आले आणि निवृत्त शिक्षक असलेल्या अण्णांनी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला फोन लावला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शेतजमीन, त्यातही आजोबांच्या वेळची. हिच्यावर कसला आलाय कर? मुलगा म्हणाला, "अण्णा, आधी सांगा, आपलं रान नगरपालिकेच्या हद्दीपासून किती लांब?"

ही माणसं आणि त्यांची रक्कम उदाहरणादाखल घेतली आहे, पण असा फोन आज अनेक घरांत होतो. गावोगाव दोन टोकाच्या समजुती आहेत. कुणाला वाटतं शेतीला कर नसतोच, तर कुणाला वाटतं विकलं की वीस टक्के गेलेच. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत यातलं काहीच ठरत नाही.

ग्रामीण शेतजमीन आयकर कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही. त्यामुळे ती विकून कितीही पैसे मिळाले तरी भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही. पण ग्रामीण कशाला म्हणायचं हे सातबाऱ्यावरच्या गावाच्या नावावरून ठरत नाही, शेजारच्या शहराच्या लोकसंख्येवरून ठरतं. दहा हजार किंवा त्याहून जास्त वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीत जमीन असेल तर ती शहरीच. हद्दीबाहेर असेल तर अंतर मोजायचं. शहराची लोकसंख्या एक लाखापर्यंत असेल तर 2 किलोमीटर, एक लाखाच्या वर आणि दहा लाखांपर्यंत असेल तर 6, आणि त्यापुढे 8 किलोमीटर. या पट्ट्यातली जमीन शहरी, पट्ट्याबाहेरची ग्रामीण.

"आपलं रान चार-पाच किलोमीटर तरी असेल," अण्णा म्हणाले. "रस्त्याने गेलं तर सहा."

रस्त्याने मोजून उपयोग नव्हता. अंतर हवाई, म्हणजे नकाशावरच्या सरळ रेषेत मोजतात, आणि तेही एसटी स्टँडपासून नव्हे, नगरपालिकेच्या हद्दीपासून. अण्णांचं रान सरळ रेषेत साधारण चार किलोमीटर भरलं. 2011 च्या जनगणनेत बार्शीची लोकसंख्या एक लाख अठरा हजारांच्या पुढे होती, म्हणून इथे सहा किलोमीटरचा पट्टा लागतो. रान करपात्र निघालं. गंमत अशी की, त्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरची लोकसंख्या त्याच जनगणनेत एक लाखाला थोडी कमी होती. हेच रान पंढरपूरपासून चार किलोमीटरवर असतं तर अण्णांना एक रुपयाही कर लागला नसता. कायद्याच्या अशा रेघा कुठेतरी ओढाव्याच लागतात, पण ज्याच्या बांधावरून ती जाते त्याला ती अन्यायाचीच वाटते.

"बरं, पण हे रान आम्ही विकत घेतलंच नव्हतं. मग नफा कशातून वजा करायचा?" अण्णांचा हा प्रश्न चांगला होता. वडिलोपार्जित जमिनीची किंमत शून्य धरत नाहीत. ती 1 एप्रिल 2001 च्या आधीपासून घरात असेल, तर त्या दिवशीची बाजारभावाची किंमत धरता येते. ती सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून काढून घ्यावी, आणि त्या दिवशीचा मुद्रांक शुल्काचा सरकारी दर उपलब्ध असेल तर त्यापेक्षा जास्त दाखवता येत नाही. अण्णांच्या रानाची ही किंमत 4 लाख निघाली. म्हणजे नफा 40 लाख.

जुलै 2024 पासून यावर साडेबारा टक्के दर आहे. 40 लाखांवर 5 लाख, आणि चार टक्के उपकर धरून 5 लाख 20 हजार. अशा जुन्या जमिनीसाठी महागाई निर्देशांकाने किंमत वाढवून वीस टक्क्यांनी हिशेब करून पाहण्याचीही मुभा आहे. जो कर कमी येईल तो भरायचा. अण्णांच्या बाबतीत 2001 चे 4 लाख वाढून सुमारे 15 लाख होतात, उरलेल्या 29 लाखांवर वीस टक्क्यांनी जवळपास 5 लाख 80 हजार येतात. इथे साडेबाराच बरे.

"मग दुसरी जमीन घेऊ," अण्णा म्हणाले. मुलगा लगेच म्हणाला, "मी बघितलाय एक एन.ए. प्लॉट. माझ्या नावावर घेऊ, कर्जही मिळेल." या एका वाक्यात दोन चुका होत्या.

पहिली चूक प्लॉटची. कलम 54बी ची सवलत शेतजमीन विकून शेतजमीनच घेतली तरच मिळते. विकलेलं रान विक्रीआधीची दोन वर्षं स्वतः, आई-वडील किंवा हिंदू अविभक्त कुटुंब यांच्याकडून शेतीसाठी वापरलेलं असावं लागतं, आणि त्याचा पुरावा म्हणून सातबाऱ्यावरची पीकनोंद उपयोगी पडते. 'पडीक' अशी नोंद असेल तर अडचण. एन.ए. प्लॉटला ही सवलत नाही. त्यावर तीन वर्षांत घर बांधलं तर 54एफ हे वेगळं कलम आहे, पण त्याच्या अटी वेगळ्या आणि हिशेबही वेगळा: संपूर्ण सवलत हवी असेल तर नफा नव्हे, विक्रीचे पूर्ण 44 लाख घरात घालावे लागतात. 54बी मध्ये 40 लाखांची शेती घेतली की काम भागतं. तीस लाखांचीच घेतली, तर उरलेल्या दहा लाखांवर 1 लाख 30 हजार कर.

दुसरी चूक नावाची, आणि ती जास्त महागात पडते. विक्री अण्णांची, तर खरेदीही त्यांच्याच नावे हवी. मुलाच्या आणि नातवाच्या नावे घेतलेल्या शेतीला 2008 मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने ही सवलत नाकारली होती. पत्नीच्या नावाने घेतलेल्या जमिनीला राजस्थान उच्च न्यायालयाने 2017 मध्ये सवलत दिली आहे, पण न्यायालयांचं याबाबत एकमत नाही. आपल्या पैशांची कसोटी लावून पाहण्याची हौस नसेल, तर सातबारा स्वतःच्या नावे करावा. पुढे वारसाने किंवा बक्षीसपत्राने द्यायचा तो विचार नंतर करता येतो.

"घाई कशाला? बघू निवांत," अण्णा म्हणाले. खरेदीला विक्रीच्या तारखेपासून दोन वर्षं असतात, म्हणजे अण्णांना जून 2027 पर्यंत. पण त्याआधी एक तारीख येते. विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत, म्हणजे 31 जुलै 2026 पर्यंत, शेती घेतली नसेल, तर न वापरलेली रक्कम बँकेत 'कॅपिटल गेन अकाउंट' उघडून त्यात भरावी लागते. साध्या मुदत ठेवीत ठेवलेले पैसे चालत नाहीत. खात्यातली रक्कम शेतीसाठीच काढता येते, आणि दोन वर्षांत वापरली गेली नाही तर ती करपात्र होते. विकत घेतलेली शेती तीन वर्षं विकू नये.

कलमांचे हे क्रमांक 1961 च्या कायद्यातले आहेत. 1 एप्रिल 2026 नंतरच्या विक्रीला 2025 चा नवा आयकर कायदा लागू आहे. तेव्हा रान विकायचं ठरत असेल, तर साठेखतावर सही करण्याआधी सातबारा, पीकनोंदी आणि नगरपालिकेच्या हद्दीचा नकाशा घेऊन सनदी लेखापालाकडे एक फेरी मारून यावी.