गुडघ्याची वाटी का दुखते?

आमच्या कॉलेजातली एक विद्यार्थिनी तासाला नेहमी कडेला बसे आणि मधूनमधून पाय लांब करी. एकदा मी टोकलं, तेव्हा म्हणाली, "सर, गुडघा दुमडून बसलं की वाटीच्या मागे ठणकतं. जिना उतरताना तर फारच." तिला पोलीसभरतीत उतरायचं होतं. तिथे मुलींना 800 मीटर धावावं लागतं. भरतीची बातमी लागल्याबरोबर तिनं रोजचं दोन किलोमीटरचं धावणं एकदम पाचावर नेलं, शिवाय टेकडी चढून उतरायला लागली. तिसऱ्या आठवड्यात गुडघा बोलू लागला. मग पंधरा दिवस विश्रांती, बरं वाटलं, पुन्हा पाच किलोमीटर, पुन्हा दुखणं. असं दोनदा झालं.

हे असं का होतं, ते विहिरीवरची कप्पी आठवली की चटकन ध्यानात येईल. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू म्हणजे दोर, आणि वाटी म्हणजे कप्पी. दोर सरळ असला तर कप्पीवर फारसा भार नाही. तो जितका वळेल तितकी कप्पी दाबली जाते. गुडघा दुमडला की वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीत अशीच दाबली जाते. सपाटीवर चालताना हा दाब शरीराच्या वजनापेक्षाही कमी असतो, जिन्यावर तो सुमारे तिप्पट होतो, आणि खोल उकिडवं बसताना किती तरी अधिक. धावणाराचं प्रत्येक पाऊल म्हणजे असा एक दाब, आणि किलोमीटरला पावलं पडतात हजाराच्या आसपास.

दाब वाईट नव्हे. वाटीच्या आसपासच्या भागाला त्याची सवय होते. पण ती आठवड्यांनी होते, एका रात्रीत नाही. या मुलीच्या गुडघ्यात काही तुटलं-फाटलं नव्हतं. सवयीपेक्षा भार लवकर वाढला, एवढंच. विश्रांतीत ठणका थांबला खरा, पण तेवढ्यात मांडीचं बळही थोडं उतरलं, आणि परतताना भार मात्र पूर्वीचाच.

माझ्या ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्टबाईंनी तिला तपासलं. गुडघ्याला सूज नव्हती, तो अडकत नव्हता, पडल्याचा मार नव्हता. यांतलं काही असतं किंवा रात्री झोपेतही दुखत असतं, तर आधी डॉक्टर गाठायला हवा होता. वाटी नुसती कटकट वाजते म्हणून घाबरायचं कारण नाही, असंही त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी तिची सायकल पाहिली! रोज सहा किलोमीटर येणं आणि तितकंच जाणं, आणि सीट इतकी खाली की बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीला टेकत. उतरायला ते सोयीचं. पण प्रत्येक फेऱ्यात गुडघा फार दुमडे. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी, पॅडल तळाशी न्यावं. पाय जेमतेम सरळ झाला म्हणजे उंची साधारण बरोबर. नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक उरतो. सीट तीन बोटं वर गेली. दोन दिवस ती कुरकुरली, मग सवय झाली.

व्यायाम तीन, एकाआड एक दिवस. कुशीवर निजून वरचा पाय सरळ उचलायचा. हा खुब्याच्या बाजूच्या स्नायूंसाठी. ते लुळे असले तर धावताना मांडी आत कलते आणि वाटी वेडीवाकडी घासते. दुसरा, खुर्चीवर बसल्यासारखं अर्ध्यापर्यंत वाकून उठायचं. तिसरा, वीतभर उंच पायरीवर एका पायानं चढून सावकाश उतरायचं. प्रत्येकी दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या. बारा सहज जमू लागले की पाठीवर पुस्तकांची पिशवी. पिशवी जड करत जाणं महत्त्वाचं; तेच तेच हलके हेलपाटे महिनाभर घातले तर स्नायूला वाढायचं कारणच उरत नाही.

धावणं बंद केलं नाही. एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं, असं दहा वेळा, एक दिवस सोडून, सपाट मैदानावर, पावलं जरा आखूड आणि जलद टाकून. कसोटी साधी होती. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. धावताना तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा कालच्यासारखाच हवा. तसा असला तर पुढच्या आठवड्यात थोडं वाढवायचं; जास्त दुखला तर एक पायरी मागं.

पाचव्या आठवड्यात मैत्रिणींबरोबर चढाओढीत तिनं जास्त पल्ला मारला आणि सकाळी गुडघा कुरकुरला. पूर्वी तिनं पंधरा दिवस घेतले असते. या वेळी तीनच दिवस धावणं कमी केलं, व्यायाम चालू ठेवले. अकराव्या आठवड्यात ती तीन किलोमीटर न थांबता धावली, आणि तासाला पाय दुमडून बसू लागली. टेकडी मात्र तिनं सर्वांत शेवटी घेतली, तीही आधी फक्त चढायची, उतरताना चालतच.