शेगावचं टक्कल आणि आपलं टायटल: क्लिक मिळवा, पण खोटं न बोलता

मागच्या भागात माइक आणि आवाजाबद्दल बोललो होतो. त्याखाली सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न एकच होता: "व्हिडिओ चांगला आहे, पण कोणी उघडतच नाही. मग थोडं मसालेदार टायटल टाकलं तर काय बिघडतं?" काय बिघडतं ते बघायला लांब जायला नको, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलंच एक प्रकरण घेऊ. आजचा भाग ऐकायला वेळ नसेल तर खाली वाचा, बोललो तसंच थोडं नीट करून लिहिलंय.

जानेवारी २०२५. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमधून बातमी आली की लोकांचे केस अचानक गळतायत. आधी डोकं खाजतं, मग केस हातात येतात आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पोरं, म्हातारी माणसं, सगळ्यांनाच. आरोग्य विभागाची पथकं गावात आली, पाण्याचे आणि त्वचेचे नमुने घेतले. सुरुवातीला डॉक्टरांना बुरशीचा संसर्ग असावा असं वाटलं. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. पुढे आयसीएमआरचं पथकही आलं.

आता त्या आठवड्यात नक्की काय माहीत होतं ते बघा. केस गळतायत, हे माहीत. पाणी पिण्यालायक नाही, हे माहीत. पण पाण्यामुळेच केस गेले का, ते माहीत नाही. कारण काय, ते माहीत नाही. आणि व्हायरस? व्हायरस सापडला असं कोणीच म्हटलं नव्हतं. तरी "टक्कल व्हायरस" हा शब्द मोबाइलवर घरोघरी पोचला.

एका शब्दाने काय होतं? व्हायरस म्हटलं की ऐकणारा पुढचं स्वतःच जोडतो: म्हणजे लागण होते, म्हणजे त्या गावच्या माणसाजवळ बसायचं नाही. बाहेरचे लोक टाळतात, लग्नं जुळायला अडचण येते, अशा तक्रारी गावकऱ्यांनी त्या काळात बोलून दाखवल्या. व्हिडिओच्या आत सातव्या मिनिटाला "अजून कारण स्पष्ट नाही" असं म्हटलेलं असेलही. पण टायटल हजार जण वाचतात आणि सातव्या मिनिटापर्यंत मोजकेच पोचतात. ज्यांनी क्लिक केलं नाही त्यांच्यासाठी टायटल हाच पूर्ण व्हिडिओ असतो. मसाल्याचा हिशोब करताना हे आपण धरतच नाही.

काही जण म्हणतील, आम्ही प्रश्नचिन्ह टाकलं होतं ना! "टक्कलमागे व्हायरस?" असं. माझं मत स्पष्ट आहे: उत्तर "नाही" किंवा "तसा काही पुरावा नाही" असं तुम्हाला रेकॉर्डिंगच्या आधीच ठाऊक असेल, तर ते प्रश्नचिन्ह म्हणजे पळवाट आहे. तुम्हाला स्वतःला पडलेला प्रश्न आणि ज्याचं उत्तर व्हिडिओत शोधलंय, तोच प्रश्न टायटलमध्ये यावा.

आता दुसरी बाजू. प्रामाणिक म्हणजे सरकारी परिपत्रकासारखं असं आपल्याकडे का वाटतं कोण जाणे. हे बघा, नमुना म्हणून मीच बनवलंय: "बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातील केसगळती प्रकरणाबाबत सविस्तर माहिती". यात खोटं काही नाही, पण आत काय मिळणार तेही कळत नाही. "सविस्तर माहिती" म्हणजे काय? सगळ्या व्हिडिओत माहितीच असते!

शिवाय यात जागेचा घोळ आहे. यूट्यूब टायटलला १०० कॅरेक्टर देतं, पण फोनवर साधारण दोन ओळी दिसतात आणि मग तीन टिंबं येतात. आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, हे सगळं वेगळं मोजलं जातं. "जिल्ह्यातील" हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, मोजणीत तो ११ भरतो. "बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातील" इथपर्यंतच ३७ कॅरेक्टर संपले आणि गोष्ट अजून सुरूच झाली नाही.

मग काय करायचं? मी आधी एक काम करतो. व्हिडिओ एडिट झाला की कागदावर एकच वाक्य लिहितो: हा बघून उठलेल्या माणसाला काय कळलं असेल? समजा आपला व्हिडिओ जानेवारीतला आहे, गावातल्या पाण्याच्या तपासणीवर आहे. वाक्य होईल: "पाण्यात नायट्रेट जास्त निघालं, ते पिऊ नये, पण केस त्यामुळेच गेले हे अजून सिद्ध नाही." आता यातून टायटल काढू:

शेगाव केसगळती: पाणी तपासलं, काय सापडलं?

मोजा, ३९ कॅरेक्टर. गाव पहिल्याच शब्दात, कारण लोक तेच सर्च करत होते. पुढे काय घडलं ते. आणि शेवटचा प्रश्न असा, ज्याचं उत्तर आपल्याकडे खरंच आहे. "कारण सापडलं!" असं लिहिलं असतं तर क्लिक जास्त मिळाले असते, मान्य. पण कारण आपल्याकडे नव्हतं. "पाण्यात काय सापडलं" हे होतं, आणि तेही माणसाला उघडून बघावंसं वाटतंच. तीन-चार दिवसांत टक्कल पडणं ही मुळातच इतकी विचित्र गोष्ट आहे की तिला वरून तिखट लागत नाही.

थंबनेलकडे येऊ. टायटलने प्रश्न विचारला, तर थंबनेलने वस्तू दाखवावी. तेच शब्द पुन्हा लिहू नयेत, एवढीशी जागा फुकट जाते. आपल्या उदाहरणात मी पाण्याची काचेची बाटली घेईन, मागे गावातला हातपंप, आणि तीनच शब्द: "नायट्रेट जास्त, पण…". हे "पण" महत्त्वाचं. अर्धी गोष्ट दिली आणि उरलेली आत आहे हे सांगितलं. टायटल आणि थंबनेल एकत्र वाचलं की कोणाचा चुकीचा समजही होत नाही.

काय घेणार नाही? सूक्ष्मदर्शकाखालचा काटेरी व्हायरस, तो या गोष्टीत नाहीच. दुसऱ्याच कुठल्या गावातला किंवा देशातला टक्कल पडलेल्या माणसाचा फोटो, तोही नाही. आणि इथल्या पेशंटचा चेहरा तर अजिबात नाही. त्या मुलीला पुढच्या वर्षी कॉलेजला जायचंय. कोणी स्वतःहून हो म्हटलं असेल तरी मागून, चेहरा न दाखवता.

तांत्रिक बाजू थोडक्यात: १२८० बाय ७२० पिक्सेल, आडवा फोटो. उजव्या खालच्या कोपऱ्यात काही लिहू नका, तिथे व्हिडिओची लांबी येते आणि अक्षरं झाकली जातात. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असतो, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त ठेवा, नाहीतर रफार आणि उकार एकमेकांत घुसतात. झालं की फोटो स्वतःच्या फोनवर पाठवा, अंगठ्याच्या नखाएवढा करून हात लांब करून बघा. वाचता आलं नाही तर शब्द कमी करा, फॉन्ट बदलून काही होत नाही. (ऑडिओ ॲपवर ऐकणाऱ्यांना थंबनेल दिसतच नाही, तिथे सगळा भार टायटलवर.)

आता हे चाललं की नाही ते कसं कळणार? यूट्यूब स्टुडिओत दोन आकडे शेजारी ठेवून बघा. एक, क्लिक-थ्रू रेट, म्हणजे थंबनेल दिसलेल्या शंभर जणांपैकी किती जणांनी उघडलं. यूट्यूब स्वतः सांगतं की निम्म्या चॅनेल आणि व्हिडिओंचा हा आकडा २ ते १० टक्क्यांत असतो. दुसरा, पहिल्या ३० सेकंदांनंतर किती जण टिकले. क्लिक भरपूर आणि तिसाव्या सेकंदाला अर्धे गायब, म्हणजे बाहेर जे सांगितलं ते लोकांना आत दिसलं नाही. एकतर टायटल फुगवलंय, नाहीतर तुम्ही पहिला दीड मिनिट लाइक-शेअर-सबस्क्राइबमध्ये घालवलाय. उलट, क्लिक कमी पण आलेले टिकतायत, तर माल चांगला आहे, पाटी धूसर आहे. तेव्हाच टायटल बदला.

पण नव्या चॅनेलवाल्यांनो, घाई नको. व्हिडिओ २०० जणांना दिसला असेल तर एका माणसाच्या क्लिकने आकडा अर्धा टक्का हलतो. मावशीने उघडला तरी ग्राफ वर जातो! काही हजार जणांना दिसेपर्यंत थांबा.

यूट्यूबवर तीन थंबनेल एकमेकांशी लढवून बघायची सोय आहे. तिथे जिंकणारं थंबनेल क्लिकवरून ठरत नाही, कोणामुळे जास्त वेळ बघितलं गेलं त्यावरून ठरतं. म्हणजे खोटा फोटो तिथे हरतो. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये, शेगावची बातमी येण्याच्या थोडं आधी, यूट्यूबने भारतासाठी जाहीर केलं की टायटल-थंबनेलमध्ये एक आणि आत दुसरंच असेल, खास करून बातम्या आणि चालू घडामोडींत, तर असे व्हिडिओ काढणार.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: टायटलला तारीख असते. फेब्रुवारीत महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले, त्यांनी सांगितलं की रेशनच्या गव्हात सेलेनियम खूप जास्त आढळलं आणि केस त्यामुळे गळाले असावेत. आता पाण्यावरच्या आपल्या जानेवारीच्या व्हिडिओचं काय? तो काढायची गरज नाही. टायटलच्या शेवटी "(जानेवारी २०२५)" जोडायचं, आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये नवीन व्हिडिओची लिंक द्यायची.

नव्या व्हिडिओचं टायटल मी असं देईन: "रेशनचा गहू आणि शेगावचं टक्कल: डॉ. बावस्करांचा दावा काय?" नाव का घातलं? कारण हे त्यांचं म्हणणं आहे. "रेशनच्या गव्हाने टक्कल!" असं लिहिलं तर तो आपला निकाल होतो, आणि दुसऱ्या दिवशी एखादी आजी डब्यातला गहू फेकून द्यायला निघते, जो कदाचित वेगळ्याच दुकानातला असतो. थंबनेलवर गव्हाची ओंजळ पुरे, कवटीचं चित्र नको.

पुढे बऱ्याच जणांचे केस परत यायला लागले. त्या बातमीचे व्हिडिओ शोधून बघा, "व्हायरस"वाल्यांच्या मानाने किती कमी आहेत ते. कोणी त्या गावांत जाऊन तो भाग करणार असेल तर टायटल माझ्याकडून घ्या: "शेगावात केस परत आले. किती जणांचे?" मात्र जाऊन मोजून या, कारण आकडा आत द्यावा लागेल.