वजू कधी तुटतो, आणि कधी तुटत नाही

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटपासून चार पावलांवर जुम्मा मशीद आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचं बांधकाम सुरू झालं ते एका जुन्या तलावावर. आजही मशिदीच्या पोटात ते पाणी आहे, त्यातून दगडी कमानी वर येतात आणि त्यांच्यावर इमारत उभी आहे. पाण्यात मासे फिरतात. काठाच्या पायऱ्यांवर माणसं बाह्या कोपराच्या वर सारून बसलेली असतात आणि नमाजाआधीचा वजू करतात.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हातपाय धुणं चाललंय. पण या दोन मिनिटांच्या कामाचे नियम इतके बारीक आहेत, आणि बारीक असूनही माणसाच्या शरीराला इतके सांभाळून घेणारे आहेत, की त्यांत शिरलं की थक्क व्हायला होतं.

गाभा कुराणाच्या पाचव्या सूरेतल्या सहाव्या आयतीत आहे. चेहरा धुवा, हात कोपरांपर्यंत धुवा, डोक्यावरून ओला हात फिरवा, पाय घोट्यांपर्यंत धुवा. भारतात बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे. त्यांच्याकडे एवढी चारच कामं फर्ज, म्हणजे अनिवार्य. बाकीची सुन्नत: आधी मनगटांपर्यंत हात धुणं, चूळ भरणं, नाकात पाणी घेणं, प्रत्येक अवयव तीनदा धुणं, ओल्या बोटांनी कान पुसणं. ती सुटली तर पुण्य कमी होतं, वजू मात्र होतो. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, आणि जुम्मा मशीदही त्यांचीच. ते या चारांत आणखी दोन फर्ज धरतात: मनातला संकल्प आणि ठरलेला क्रम. आधी पाय धुऊन मग चेहरा धुतला तर हनफी माणसाचा वजू होतो, शाफई माणसाचा होत नाही.

पाणी फार लागत नाही. पैगंबर एक मुद्द पाण्यात वजू करत, अशी हदीस आहे. मुद्द म्हणजे जुनं माप, लिटरच्या दोनतृतीयांशाच्या आसपास. नळ मोकळा सोडून वजू करणाऱ्याचं याच्या कितीतरी पट पाणी जातं.

चुकतं कुठे? टाचेत. पाण्याचा हपका पायाच्या वरच्या बाजूवर येतो, तिथून बोटांकडे ओघळतो आणि टाचेची मागची कड कोरडी राहते. सहप्रवासी घाईघाईत वजू करताना पाहून पैगंबरांनी कोरड्या टाचांबद्दल कडक इशारा दिल्याची हदीस प्रसिद्ध आहे. दुसरी जागा कोपराचं टोक, तिसरी घट्ट अंगठीखालची त्वचा. नखाला कणीक चिकटून वाळली असेल किंवा नेलपॉलिश असेल, तर पाणी आत पोचतच नाही. मेंदीची गोष्ट वेगळी. तिचा नुसता रंग असतो, थर नसतो, म्हणून ती चालते. धुताना हात टाचेवरून आणि कोपरावरून फिरवला की काही राहिलं का ते हातालाच कळतं. आणि नखाएवढी जागा कोरडी सापडलीच, तर हनफी मताप्रमाणे तेवढीच ओली केली तरी काम भागतं.

आता तुटण्याकडे येऊ. मलमूत्र किंवा वायू बाहेर पडला की वजू गेला, बेशुद्ध झालं की गेला. यावर सगळ्यांचं एकमत आहे. पुढे वाटा फुटतात. समजा, त्याच पायरीवर दोन मित्र बसलेत, एक हनफी, एक शाफई. दोघांचा वजू झालाय. उठताना दोघांचेही अंगठे दगडाला ठेचले आणि रक्ताचा ओघळ बोटावरून खाली आला. हनफी मित्राला पुन्हा वजू करावा लागेल, कारण जखमेच्या तोंडातून निघून पुढे वाहिलेलं रक्त वजू तोडतं. नुसता लाल ठिपका दिसला असता आणि जागीच थांबला असता, तर तुटला नसता. रुमालाने टिपत राहिलं म्हणूनही सुटका नाही. टिपलं नसतं तर वाहिलं असतं का, हा खरा प्रश्न. शाफई मित्र मात्र बोट स्वच्छ करेल आणि सरळ नमाजाला उभा राहील, त्याचा वजू शाबूत आहे. उलट परक्या स्त्रीच्या हाताला त्वचेचा नुसता स्पर्श झाला तर शाफई मित्राचा वजू जातो आणि हनफी मित्राचा जात नाही. दोन्ही मतं हजार वर्षांहून जुनी आहेत, आणि दोघं एकाच रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात.

हे सगळं धडधाकट शरीराचं झालं. पण ज्याचं शरीर वजू टिकूच देत नाही, त्याने काय करायचं? मूत्रमार्गावर ताबा नसलेला माणूस, मणक्याच्या दुखापतीनंतर लघवीची नळी आणि पिशवी बाळगणारा, सतत वाहणारी जखम असलेला. असा माणूस वजू करून उठेपर्यंत वजू तुटलेला असतो.

हा प्रश्न पैगंबरांसमोरच आला होता. फातिमा बिन्त अबी हुबैश या बाईंना पाळीचे दिवस संपले तरी रक्तस्राव थांबत नसे. मी नमाज सोडून देऊ का, असं त्यांनी विचारलं. उत्तर मिळालं की हे पाळीचं रक्त नव्हे, एका शिरेतून येतंय. पाळीचे दिवस गेले की रक्त धुऊन नमाज पढत राहा, आणि प्रत्येक नमाजासाठी वजू कर. या एका उत्तरातून धर्मशास्त्रज्ञांनी एक अख्खं प्रकरण उभं केलं. अशा माणसाला हनफी परंपरेत माजूर म्हणतात. माजूराचा वजू त्या त्रासाने तुटत नाही. नमाजाची वेळ संपली की तो संपतो. जे काम शरीर करत होतं, ते घड्याळाकडे जातं.

एक उदाहरण नीट धरून पाहू. औरंगाबादचे एक वयस्कर हनफी गृहस्थ आहेत असं समजा. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी थेंबथेंब गळते. डिसेंबरचा मध्य आहे. जोहरची वेळ दुपारी साधारण 12:25 ला सुरू होते आणि हनफी हिशोबाने सव्वाचारला संपते. पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच तपासायचं: या पूर्ण वेळेत, फक्त चार फर्ज अवयव धुऊन फक्त फर्ज नमाज पढण्याइतका कोरडा अवधी मिळतो का? रोज वीस मिनिटं गळणं थांबत असेल, तर ते माजूर नाहीत. त्या वीस मिनिटांतच नमाज पढायचा. पॅड बांधून थांबत असेल तर पॅड बांधायचं. उभं राहिल्यावर गळतं आणि बसल्यावर थांबतं असं असेल, तर बसून नमाज पढायचा. एवढं करूनही अवधी मिळाला नाही, तर ते माजूर ठरले. पुढच्या नमाजांना ही कसोटी पुन्हा लागत नाही. प्रत्येक वेळेत एकदा थेंब आला तरी सवलत चालू राहते. आणि एखाद्या नमाजाची अख्खी वेळ पूर्ण कोरडी गेली की सवलत संपते.

आता त्यांचा दिवस. पाऊण वाजता वजू केला. थेंब येत राहिले तरी जोहर पढला, नफल पढल्या, कुराण हातात घेऊन वाचलं. सगळं त्याच वजूत. दोन वाजता वायू सरला. तो त्यांचा आजार नाही, म्हणून वजू गेला आणि पुन्हा करावा लागला. सव्वाचार वाजले की तोही संपला, असरसाठी नवा.

यातला एक बारकावा मला फार आवडतो. पहाटे सहाला फजरसाठी केलेला वजू सूर्योदयाला, सातच्या सुमाराला, संपतो. पण सूर्योदय आणि जोहर यांच्यामध्ये कोणत्याच फर्ज नमाजाची वेळ नसते. म्हणून त्यांनी सकाळी नऊला अंघोळीबरोबर वजू उरकला, तर तो सव्वाचारपर्यंत टिकतो, कारण मध्ये कोणतीच वेळ संपत नाही. दुपारी ज्यांना बाथरूमपर्यंत नेणारं कोणी घरी नसतं, त्यांच्यासाठी ही केवढी सोय! रत्नागिरीच्या शाफई गृहस्थांना ती मिळत नाही. त्यांनी आधी स्वच्छता करून पॅड बांधायचं, वेळ सुरू झाल्यावरच वजू करायचा, लगेच नमाज पढायचा, आणि एका वजूत एकच फर्ज. नफल हव्या तितक्या.

हाताबद्दलचे नियमही असेच शरीर पाहून ठरतात. अर्धांगवायूने लुळा पडलेला हात धुवावाच लागतो, संवेदना नसली तरी. दुसऱ्या हाताने पाणी ओता, नाहीतर मुलाने, सुनेने धुऊन द्यावा. वजू रुग्णाचाच राहतो. हात कोपराच्या खाली कापलेला असेल तर उरलेला भाग कोपरासकट धुवायचा. कोपराच्या वर कापला असेल तर त्या हाताचं फर्जच उरत नाही. प्लास्टर असेल तर त्याच्या बहुतेक भागावरून एकदा ओला हात फिरवायचा, आणि हाड जुळेपर्यंत, मग दोन महिने का लागेनात, तसंच करत राहायचं. ओला हात फिरवणंही अपायकारक असेल तर तेही सोडायचं. शाफई मताप्रमाणे प्लास्टरवर हात फिरवून शिवाय तयम्मुमही करावा लागतो.

तयम्मुम म्हणजे पाण्याऐवजी माती. पाणी सोसत नसेल, किंवा स्वतःला उठता येत नाही आणि मदतीला कोणी नाही, तेव्हा तळवे मातीवर मारून चेहऱ्यावरून फिरवायचे, पुन्हा मारून कोपरांपर्यंत दोन्ही हातांवरून. हनफी घरांत अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी यासाठी वीट ठेवता येते. वीट, दगड, चुन्याची भिंत त्यांना चालते, वर धूळ नसली तरी. शाफईंना धूळ लागते.

या सवलती घेणं म्हणजे कमीपणा, असं काही जणांना वाटतं. पाणी घातक ठरेल हे डॉक्टरांनी सांगूनही हट्टाने धुणारे असतात. त्यांच्यासाठी अबू दाऊदच्या संग्रहात एक हकिकत आहे. प्रवासात एकाच्या डोक्याला दगड लागून खोक पडली. रात्री त्याच्यावर अंघोळ फर्ज झाली. मला तयम्मुमची सवलत आहे का, असं त्याने सोबत्यांना विचारलं. पाणी उपलब्ध आहे, तेव्हा नाही, असं ते म्हणाले. त्याने अंघोळ केली आणि तो मेला. हे कळल्यावर पैगंबर संतापले आणि म्हणाले की या लोकांनी त्याला मारलं. माहीत नव्हतं तर विचारायचं होतं.

आणि ज्याला यातलं काहीच शक्य नाही, त्याचाही विचार ग्रंथांत झालाय. दोन्ही हात आणि दोन्ही पाय वजूच्या मर्यादेच्या वर कापलेले, चेहऱ्यावर पाणी किंवा माती लावता येणार नाही अशी जखम. अशा माणसाने, हनफी ग्रंथ सांगतात, वजू आणि तयम्मुम दोन्हींशिवाय नमाज पढावा, आणि नंतर तो पुन्हा पढण्याची गरज नाही.