सन १३४९: सफोकच्या एका गावातले लहानपण

इंग्लंडच्या पूर्व भागातल्या सफोक परगण्यात, बरी सेंट एडमंड्स या शहराजवळ, वॉलशॅम ल विलोज नावाचे गाव आहे. प्लेगच्या इतिहासात या गावाला मान मिळाला तो तिथल्या दफ्तरामुळे. जमीनदाराच्या कचेरीत कुळांची जी बैठक भरे, तिचा वृत्तान्त कारकून चर्मपत्राच्या गुंडाळीवर लॅटिनमध्ये लिहून ठेवत असे. १५ जून १३४९ रोजी भरलेल्या बैठकीच्या नोंदीत मागच्या बैठकीनंतर मेलेल्या १०३ कुळांची जंत्री आहे. त्यात लहान मुलांचे मृत्यू नाहीत. कारकुनाला काळजी जमिनीची होती, आणि मुलांच्या नावावर जमीन नसे. बाप मेला आणि वारस म्हणून पुढे करायला दुसरे कोणी उरले नाही, तरच मुलाचे नाव त्या चर्मपत्रावर येई.

म्हणून त्या वर्षातले लहानपण कसे होते हे समजून घ्यायचे, तर मोठ्यांच्या कागदांतून ते जुळवावे लागते. इथे एक नऊ वर्षांची मुलगी कल्पिली आहे. तिच्या घरात आई, बाप, पंधरा वर्षांचा भाऊ आणि एक गाय आहे, आणि बाप जमीनदाराची चार-पाच एकर जमीन कसतो. मुलगी काल्पनिक असली तरी तिच्यावर येणारे प्रसंग त्या काळच्या नोंदींत ठायी ठायी आढळतात.

घर लाकडी सांगाड्याचे. काठ्यांच्या कुडावर चिखल, शेण आणि पेंढा कालवून लिंपलेल्या भिंती, वर काडाने शाकारलेले छप्पर. चूल घराच्या मधोमध जमिनीवर. धुराडे नाही, त्यामुळे धूर छपरातून वाट काढतो आणि डोळे कायम चुरचुरतात. हिवाळ्यात गाय त्याच छपराखाली, एका टोकाला. अंथरूण पेंढ्याचे, आणि त्यावर सगळे जवळजवळ झोपतात. पेंढ्यात पिसवा असणे आणि छपरात उंदीर असणे यात कोणालाच वावगे वाटत नव्हते.

सकाळी मुलीचे पहिले काम पाणी आणण्याचे. मग सरपण, बदकांना ओढ्यावर नेणे, आणि पेरणी झाली की पाखरे राखणे. खिशात खडे आणि हातात गोफण घेऊन मुले दिवसभर बांधावर उभी राहत. मुलींचा जास्त वेळ आईच्या हाताखाली जाई, आणि पाणी, चूल, उकळते भांडे यांच्यापाशीच त्यांना अपघात होत. अपमृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या नोंदींत विहिरीत पडलेल्या आणि भाजलेल्या मुलांची प्रकरणे बरीच आहेत. जेवण बहुधा एकाच भांड्यातले: जव, वाटाणे, कांदा, कोबी घालून शिजवलेली दाट पेज, सोबत जवाची जाड भाकर. जवाचीच फिकी एल ही दारू मोठ्यांबरोबर मुलेही पीत. दूध, लोणी आणि चीज मिळे ते गायीमुळे. सणाचे दिवस सोडले तर मांस क्वचितच, म्हणून घरात गाय आहे की नाही, यावर मुलाच्या ताटात काय पडणार हे ठरत असे.

प्लेग इंग्लंडमध्ये आला तो १३४८ च्या उन्हाळ्यात, दक्षिण किनाऱ्यावरच्या मेलकम बंदरातून. पानगळीच्या सुमारास तो लंडनला पोचला. वॉलशॅममध्ये त्या हिवाळ्यात फक्त बातम्या येत होत्या. बाजारावरून परतलेला माणूस काहीतरी सांगे, आणि चर्चमध्ये प्रायश्चित्ताच्या मिरवणुका निघत. ईश्वराचा कोप झाला आहे हेच स्पष्टीकरण सर्वांना पटले होते, आणि दूषित हवेने रोग पसरतो असे शिकलेले लोक मानत होते. मुलीला ‘आमच्या पित्या’ ही प्रार्थना पाठ होती. ती शिकवण्याची जबाबदारी बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममाता-धर्मपित्यांची असे. मार्चमध्ये लेंटचे उपास चालू होते, त्यात मांस, अंडी, दूध वर्ज्य. १२ एप्रिलला ईस्टर झाला, उपास सुटला, आणि त्याच वसंतात रोगाने गावात पाय ठेवला.

रोगाची लक्षणे घरातल्या मुलांनाही ओळखता येतील इतकी उघड होती. आधी हुडहुडी आणि सणकून ताप, डोकेदुखी, झोक जाणे. एक-दोन दिवसांत जांघेत, काखेत किंवा मानेवर गाठ येई, कधी अंड्याएवढी, आणि हात लावला तरी माणूस किंचाळे. पुष्कळ रोगी आठवड्याच्या आत जात. रोग फुप्फुसात उतरला आणि थुंकीत रक्त दिसले, तर दोन-तीन दिवसही मिळत नसत. मात्र गाठीच्या प्लेगमध्ये उपचार नसले तरी सगळेच मरत नाहीत. गाठ पिकून फुटली आणि ताप उतरला, तर माणूस वाचण्याची आशा असते. एकाच अंथरुणावर झोपलेल्यांपैकी एक जावा आणि दुसरा उरावा, असे त्यामुळे होई, आणि त्या काळच्या लोकांना त्यात दैवी निवाडा दिसे.

रोगाचे कारण असलेला जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला. तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो, हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ याने कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, दाखवले. महाराष्ट्रातल्या प्लेगच्या आठवणींत उंदीर पडणे ही ठरलेली पहिली खूण आहे. १३४९ च्या इंग्रजी वृत्तान्तांत मात्र मेलेल्या उंदरांचा उल्लेख आढळत नाही. म्हणून त्या वेळी माणसांच्या अंगावरच्या पिसवा आणि उवांनीही रोग पसरवला असावा, असे काही संशोधक मानतात. रोग तोच होता याबद्दल मात्र आता शंका नाही: १३४८-४९ मध्ये लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड दफनभूमीत पुरलेल्या सांगाड्यांतून त्याच जंतूचा डीएनए मिळाला आहे.

आता त्या घरात मे महिन्यात काय घडले असेल ते पाहू. बाप आजारी पडतो आणि चार दिवसांत मरतो. मरण्यापूर्वी धर्मगुरूपाशी पापांची कबुली देणे आवश्यक, कारण त्याविना मेलेल्याच्या आत्म्याचे काय होणार ही भीती रोगापेक्षा मोठी होती. पण धर्मगुरूही मरत होते. सफोक ज्या नॉरिच धर्मप्रांतात येत होते, तिथले सुमारे निम्मे गेले. बाथ आणि वेल्स इथल्या बिशपने जानेवारी १३४९ मध्ये पत्रक काढून सांगितले होते, की धर्मगुरू मिळत नसेल तर कोणाही माणसापाशी, अगदी बाईपाशीसुद्धा, कबुली द्यावी. एरवी असे पत्रक निघालेच नसते. एकमेकांपाशी कबुली देण्याची वेळ बिशपला मान्य करावी लागली, यावरून गावांची दशा कळते.

बाप गेल्यावर मुलीच्या आयुष्यात पहिला बदल होतो तो गोठ्यात. कूळ मेले की त्याचे सर्वांत चांगले जनावर जमीनदाराला देणे बंधनकारक होते. घरात एकच गाय, म्हणून तीच जाते. त्याबरोबर दूध आणि लोणी जाते, आणि मुलीच्या वाट्याला नुसती पेज उरते. जमीन भावाच्या नावावर चढायची असते, पण तीन आठवड्यांत भावालाही गाठ येते आणि तोही जातो. कुळाचा मृत्यू पुन्हा झाला, पण द्यायला जनावर नाही. वॉलशॅमच्या दफ्तरात वारसाची पाळी येण्याआधीच वारसही मेल्याची उदाहरणे आहेत, आणि मयताकडे जनावर नव्हते असे शेरेही आहेत.

१५ जूनला सोमवार होता. त्या दिवशी मेलेल्यांची नावे एकामागून एक वाचली गेली: कोणाकडे किती जमीन होती, जमीनदाराला कोणते जनावर मिळाले, वारस कोण आणि तो हजर आहे का. आपल्या मुलीचे नाव इथे पहिल्यांदा लिहिले जाते, कारण मुलगा उरला नसेल तर वारसा मुलीकडे येई. ती अज्ञान असल्यामुळे पालक ठरतो, बहुधा आई किंवा जवळचा नातलग. जमीन नावावर करून घ्यायला नजराणा द्यावा लागतो. निम्मे गाव मेले असतानाही बैठक भरावी, दंड आणि नजराणे आकारले जावेत, हे आजच्या वाचकाला निर्दयपणाचे वाटेल. पण त्याच खटाटोपाने मुलीचा जमिनीवरचा हक्क लेखी झाला. कचेरी बंद पडली असती, तर धडधाकट शेजाऱ्याला तिची जमीन दाबणे मुळीच अवघड नव्हते.

यानंतर पीक काढण्याचा प्रश्न येतो. पेरलेले उभे आहे आणि कापायला हात नाहीत. लेस्टरच्या मठातील हेन्री नाइटन या वृत्तान्तकाराने लिहिले आहे, की गुरे-मेंढ्या राखणदाराविना शेतांत भटकत होती आणि चरात पडून मरत होती, आणि पूर्वी चाळीस शिलिंगांना जाणारा घोडा जेमतेम सात शिलिंगांना मिळत होता. गाय गमावलेल्या घराला गाय स्वस्तात घेण्याची संधी याच वर्षी होती, फक्त हातात नाणी हवी होती. ती मजुरीतून येऊ शकत होती. नाइटनच्याच सांगण्याप्रमाणे त्या हंगामात कापणी करणारा माणूस जेवण आणि आठ पेनींखाली मिळत नव्हता, आणि पूर्वीचा दर याच्या निम्माही नव्हता.

राजाच्या सल्लागारांना हे ताबडतोब खटकले. वॉलशॅमच्या बैठकीनंतर तिसऱ्याच दिवशी, १८ जून १३४९ रोजी, फर्मान निघाले, की साथीपूर्वीच्या दरानेच मजुरी घ्यावी आणि साठ वर्षांखालील ज्याला स्वतःची पुरेशी जमीन वा धंदा नाही त्याने सांगितलेले काम नाकारू नये. १३५१ मध्ये संसदेने त्याचा कायदा केला. तरीही माणसेच कमी असल्यामुळे मालक चोरून जास्त पैसे देत राहिले, आणि दंडही भरत राहिले.

मुलीच्या वाट्याला त्या हंगामात सरवा वेचणे आले असणार. पेंढ्या उचलल्यावर शेतात पडलेली कणसे गरिबांनी, म्हाताऱ्यांनी आणि मुलांनी वेचावीत अशी रीत होती. धडधाकट माणसाला सरवा वेचायला गावच्या नियमांनी बंदी होती, त्याने मजुरीवर जावे. १३४९ मध्ये वेचणारे थोडे आणि शेतात राहून गेलेले पुष्कळ. आईने एकीकडे मजुरी केली आणि मुलीने सरवा वेचला, तर थंडीत त्या दोघींचे पोट आदल्या वर्षीपेक्षा वाईट भरले नसेल.

साथ त्या वर्षाअखेरीस ओसरली. देशातली एक तृतीयांश ते निम्मी माणसे गेली होती, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. जी मुले उरली त्यांना जमीन तुलनेने सहज मिळाली आणि मजुरीही चांगली. या काल्पनिक मुलीने पुढे लग्न केले असते, तर कुळाची मुलगी म्हणून त्यासाठीही जमीनदाराला पैसे भरून परवानगी घ्यावी लागली असती. १३६१ मध्ये ती एकवीस वर्षांची झाली असती. त्या वर्षी प्लेग पुन्हा आला, आणि या वेळी मुले इतकी मेली की त्या काळच्या वृत्तान्तकारांनी त्याला ‘मुलांची साथ’ असेच म्हटले.