अठरा शून्यांचा हिशेब

संगणकाला राउटरची केबल जोडलेली असेल, तर वायरशार्क नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालू करून पाच मिनिटं नुसतं बघत बसा. एआरपी नावाच्या बारक्या निरोपांची ये-जा दिसेल. ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ असं एक यंत्र विचारतं आणि ‘माझा’ असं दुसरं सांगतं. त्यात एक गंमत आहे. आपल्या संगणकाने पाठवलेला निरोप बहुतेक वेळा ४२ बाइटचा दिसतो आणि बाहेरून आलेला ६० बाइटचा. मजकूर दोन्हींत २८ बाइटच असतो. मग वाढीव अठरा बाइट कसले? उघडून पाहिलं तर नुसती शून्यं.

या शून्यांना काहीच अर्थ नाही आणि घेणारा ती वाचतही नाही. तरी ती पाठवावी लागतात, कारण चाळीसेक वर्षांपूर्वी एका जाड पिवळ्या केबलच्या दोन टोकांमधलं अंतर कोणीतरी हिशेबात धरलं होतं.

इथरनेटवरून जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्याला फ्रेम म्हणतात. फ्रेम सुरू होण्याआधी आठ बाइटचा एक खाकरा असतो. त्यात एक-शून्य-एक-शून्य अशी ठेक्यातली लय येते, म्हणजे घेणाऱ्याला आपलं घड्याळ पाठवणाऱ्याच्या घड्याळाशी जुळवून घेता येतं. शेवटचा बाइट `10101011` असा असतो. शेवटी दोन एक लागोपाठ आले की समजायचं, आता मजकूर. मग सहा बाइटमध्ये कोणासाठी आणि सहा बाइटमध्ये कोणाकडून. घेणाऱ्याचा पत्ता आधी येतो, त्यामुळे पहिल्या सहा बाइटांतच ‘हे आपल्यासाठी नाही’ हे कळतं. त्यानंतरचे दोन बाइट आत काय भरलंय ते सांगतात: `0x0800` म्हणजे आयपी, `0x0806` म्हणजे एआरपी. मग माल, जास्तीत जास्त १५०० बाइट. सर्वांत शेवटी चार बाइटची तपासणी-संख्या. ती आधीच्या सगळ्या बिटांवरून काढलेली असते आणि वाटेत एक बिट जरी उलटला तरी जुळत नाही.

कमाल मर्यादेचं कोणाला फारसं नवल वाटत नाही. नवल वाटायला हवं ते किमान मर्यादेचं. माल ४६ बाइटपेक्षा कमी असेल तर शून्यं घालून तो ४६ करायचा. पुढचे चौदा आणि मागचे चार धरले की फ्रेम ६४ बाइटची होते. खाकरा यात मोजत नाहीत, कारण समोरचं सर्किट जागं होईपर्यंत त्यातले काही बिट वाटेत गळणार हे गृहीतच होतं. ६४ बाइट म्हणजे ५१२ बिट.

आता केबलकडे. इथरनेटची कल्पना १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी रुजवली. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून तिचं दर सेकंदाला एक कोटी बिटांचं रूप प्रसिद्ध केलं. त्यात आजच्यासारखी प्रत्येकाची वेगळी तार नव्हती. बोटाएवढी जाड एकच केबल इमारतभर फिरायची आणि सगळे संगणक तिला ठिकठिकाणी टोचून जोडलेले असायचे. म्हणजे एक बोलला की सगळ्यांना ऐकू जाणार आणि दोघे एकदम बोलले की कोणाचंच कोणाला कळणार नाही.

कोण कधी बोलणार हे ठरवणारा मुकादम मुद्दामच ठेवला नव्हता. आधी ऐकायचं आणि तार शांत असेल तर बोलायचं, एवढा नियम. पण तार शांत आहे असं वाटणं आणि ती खरोखर शांत असणं यांत अंतर असतं, तेही मीटरमध्ये मोजता येणारं. दूरच्या टोकाला कोणी नुकतंच बोलायला लागलं असेल तर ते इथपर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून बोलतानाही कान उघडे ठेवायचे. केबलवरचा विद्युतदाब एकट्याच्या बोलण्याने व्हायला हवा त्याहून जास्त दिसला, की टक्कर झाली. मग थोडा वेळ मुद्दाम गोंगाट करायचा, म्हणजे सगळ्यांना टक्कर कळेल, आणि थांबायचं. किती थांबायचं ते प्रत्येकाने फासे टाकल्यासारखं आपापलं ठरवायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. ओळीने सोळा प्रयत्न फसले तर नाद सोडायचा.

सगळा पेच ‘बोलत असताना’ या दोन शब्दांत आहे. टक्कर झाली हे पाठवणाऱ्याला तो अजून बोलत असेल तरच कळतं. फ्रेम संपली, टक्कर दिसली नाही, म्हणजे काम फत्ते असं समजून तो आपल्याकडची प्रत टाकून देतो. नंतर गोंगाट कानावर आला तरी तो कोणाच्या फ्रेमचा, हे त्याला कसं कळणार?

एक शंका इथे येईल. तपासणी-संख्या आहे ना? घेणाऱ्याला ती जुळत नाही हे दिसेलच. दिसतं, पण तो गप्प बसतो. मोडकी फ्रेम मुकाट्याने फेकून द्यायची, असाच इथरनेटचा रिवाज आहे. ‘तुझी फ्रेम मोडली’ असं उलट कळवायची सोयच नाही आणि कळवायचं कोणाला? मोडलेल्या फ्रेममधला पाठवणाऱ्याचा पत्ता तरी कशावरून धड असेल?

तेव्हा टक्कर पकडायची जबाबदारी एकट्या पाठवणाऱ्याची. समजा, ‘अ’ केबलच्या एका टोकाला आहे आणि ‘ब’ दुसऱ्या टोकाला. ‘अ’ बोलायला लागला. त्याचा पहिला बिट ‘ब’पर्यंत पोचायला आता अगदी थोडंच अंतर उरलंय. ‘ब’ने कान लावला, तार शांत वाटली, त्याने तोंड उघडलं. टक्कर त्याच्या दारात झाली. ‘ब’ला ती लगेच कळली, पण ‘अ’ला? तिची बातमी सगळी केबल उलटी कापत त्याच्याकडे यायची आहे. तोवर ‘अ’ बोलतच राहिलेला हवा. विहिरीत पोहरा सोडताना दोराचं वरचं टोक हातात असावं लागतं, पोहरा पाण्याला लागला हे दोरच सांगतो. दोर आखूड पडला आणि टोक हातातून निसटलं, तर खाली काय झालं ते कळणार नाही. फरक इतकाच की इथे दोर जाण्याच्या नव्हे, जाऊन येण्याच्या वाटेला पुरावा लागतो.

म्हणून फ्रेम किती मोठी, हे तिला तारेवर किती जागा लागते यावरून ठरवायचं. सेकंदाला एक कोटी बिट म्हणजे एका बिटाला मायक्रोसेकंदाचा दहावा भाग. त्या जाड केबलमध्ये विजेचा संकेत प्रकाशाच्या सुमारे ७७ टक्के वेगाने धावतो, तेवढ्या वेळात तो २३ मीटर जातो. म्हणजे केबलमध्ये एक बिट २३ मीटर लांबीचा असतो! हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी आकडा दोनदा तपासला होता.

केबलचा एक तुकडा जास्तीत जास्त ५०० मीटरचा. असे पाच तुकडे चार रिपीटरांनी, म्हणजे संकेत ताजा करून पुढे ढकलणाऱ्या पेट्यांनी, जोडता येत. एकूण अडीच किलोमीटर. जाऊन-येऊन पाच किलोमीटर म्हणजे सुमारे २१६ बिट. मग ५१२ कशाला? नुसत्या तारेचा हिशेब इथेच संपतो, पण वाटेतल्या पेट्यांचा नाही. प्रत्येक रिपीटर काही बिटांचा उशीर लावतो आणि तो जाताना-येताना दोन्हीकडून मोजावा लागतो. शिवाय केबलपासून संगणकापर्यंतच्या ५० मीटरपर्यंतच्या उपतारा, टक्कर ओळखायला सर्किटला लागणारा वेळ आणि तो मुद्दाम केलेला गोंगाट. हे सगळं ५१२ बिटांत, म्हणजे ५१.२ मायक्रोसेकंदांत बसवलं.

आपली एआरपी शून्यांविना पाठवली असती तर फ्रेम ४६ बाइटची, ३६८ बिटांची झाली असती. आठ बाइटचा खाकरा धरूनही ‘अ’ ४३.२ मायक्रोसेकंदांत बोलून मोकळा. अडीच किलोमीटरच्या पुरेपूर भरलेल्या जाळ्यात टक्करीची बातमी त्यानंतरही येऊ शकली असती. ती अठरा शून्यं म्हणजे ‘अ’ला बोलायला लावलेला वेळ आहे.

या आकड्याचा दुसरा फायदा घेणाऱ्याला मिळतो. टक्कर ठरलेल्या वेळातच व्हायची असेल, तर तिच्यातून उरलेला तुकडा ६४ बाइटपेक्षा छोटाच असणार. म्हणून त्याहून लहान दिसलेलं काहीही बेधडक फेकता येतं.

नियम मोडला तर काय होतं? कोणी सहावा तुकडा जोडला, तर जाळं बंद पडत नाही, हाच त्रास. जवळजवळ सगळं चालतं. फक्त दूरच्या दोन यंत्रांमधल्या काही फ्रेम कोणालाही न कळता हरवतात. वरच्या थरातलं सॉफ्टवेअर उत्तराची वाट बघत बसतं आणि मग पुन्हा पाठवतं. जाळं ‘कधीकधी हळू’ होतं. फ्रेम मोठी असेल तर पाठवणारा अजून बोलत असतो आणि त्याला टक्कर ५१२ बिटांनंतर दिसते. तिची वेगळी नोंद होते, स्विचच्या पडद्यावर तिला `late collision` म्हणतात. हा आकडा शून्याच्या वर चढत असेल तर कुठेतरी मांडणीत चूक आहे हे नक्की.

हल्ली ती चूक बहुधा केबलच्या लांबीची नसते. कारखान्यातल्या जुन्या यंत्राला स्विचचं पोर्ट जोडलं आणि एका बाजूला ‘एकाच वेळी बोलणं-ऐकणं’ असं ठरलं, दुसऱ्या बाजूला ‘एका वेळी एकच’, की हेच चित्र दिसतं. पहिला दुसऱ्याच्या बोलण्यात खुशाल बोलत राहतो. दुसऱ्याला ती टक्कर वाटते आणि तो अर्ध्यावर थांबतो. एका टोकाला उशिराच्या टकरी, दुसऱ्या टोकाला मोडक्या फ्रेम. ही जोडी दिसली की केबल बदलत बसू नये, दोन्हीकडचं सेटिंग पाहावं.

वेग वाढला तेव्हा हा सौदा ताणला गेला. १९९५ मध्ये वेग दहापट झाला, फ्रेमची किमान मर्यादा तशीच ठेवली, त्यामुळे बिट दहापट आखूड झाले आणि अंतर साधारण २०५ मीटरवर आलं. गिगाबिटला पुन्हा दहापट वेग. ६४ बाइटवर अडून बसलं असतं तर जाळं वीसेक मीटरांत, म्हणजे एका खोलीत संपलं असतं. म्हणून १९९८ च्या नियमांत एक युक्ती केली: फ्रेम ६४ चीच, पण तिच्यामागे निरर्थक संकेत जोडून तारेवरचा वेळ ५१२ बाइटचा करायचा. पुढे ही युक्ती क्वचितच कोणाला लागली. स्विच आले, प्रत्येक यंत्राला स्वतःची जोडतार मिळाली, जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी झाली. टक्कर व्हायला दोन बोलणारे एका वाटेवर लागतात, ते उरलेच नाहीत. दहा गिगाबिटच्या नियमांत टक्कर पकडण्याची तरतूदच नाही. ६४ बाइटची अट मात्र आहे, कारण तोवर जगभरची कार्डं आणि स्विच तिच्यावर विसंबून बनले होते.

शून्यं भरण्याचं काम किरकोळ वाटतं, पण त्यातही चुका झाल्या. २००३ च्या सुरुवातीला उघड झालं की अनेक नेटवर्क-कार्डांचे ड्रायव्हर ती जागा शून्यांनी भरतच नव्हते. मेमरीत आधीच्या निरोपांचं जे उरलंसुरलं असेल तेच पाठवत होते. छोटे निरोप मागवत राहायचं आणि शेपट्या गोळा करायच्या, एवढ्यावर दुसऱ्याचा मजकूर हाती लागू शकत होता. या दोषाला ‘इथरलीक’ म्हणतात.

आता सुरुवातीचा ४२ चा आकडा. आपल्याच संगणकाची फ्रेम तोकडी दिसते, कारण ती कार्डाकडे पोचण्याआधीच वायरशार्क तिचं चित्र टिपतो. कार्ड मग अठरा शून्यं आणि चार बाइटची तपासणी-संख्या जोडून ती ६४ ची करतं. आलेल्या फ्रेमची तपासणी-संख्या कार्ड आधीच काढून ठेवतं, म्हणून ती ६० ची दिसते. आणि शून्यांसकट ही फ्रेम जाते ती टेबलाखालच्या दोन मीटर केबलमधून, जिच्यात तिला आडवं यायला दुसरं कोणीच नसतं.