इफ्तारनंतरची ती पहिली बिडी

मगरिबची अजान होते. खजूर तोंडात जातो, पाण्याचा ग्लास रिकामा होतो, भज्यांची ताटली फिरते. भूक शमते, तहान भागते. तरी चार माणसांतला एखादा अजून बेचैन असतो. त्याचा हात खिशाकडे जातो, नमाज आटोपून तो कोपऱ्यावर उभा राहतो आणि पहिला झुरका ओढतो. खांदे सैल पडतात, चेहऱ्यावरचा ताण उतरतो. "आता कुठे जिवात जीव आला," असे तो म्हणतो, आणि ते खोटे नसते. प्रश्न एवढाच, की पाणी आणि खजूर पोटात गेल्यावरही जो ताण शिल्लक होता, तो आला कुठून?

पिंप्राळ्यातल्या एखाद्या गॅरेजचे उदाहरण घेऊ. दुरुस्ती करणारा चाळिशीतला आहे, रोज पंधरा-वीस बिड्या ओढतो, रोजे मात्र चुकवत नाही. धूम्रपानाने रोजा तुटतो हे त्याला ठाऊक आहे. म्हणून सहेरी उरकून पहाटे पाचला तो दिवसाची शेवटची बिडी ओढतो. धुरातले निकोटिन फुप्फुसांतून रक्तात जाते आणि दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तिथे ते ठराविक ग्राहींवर बसते आणि डोपामिन सुटते. रोज निकोटिन मिळत राहिले की मेंदू स्वतःला त्याप्रमाणे बेतून घेतो आणि या ग्राहींची संख्या वाढवतो. मग निकोटिन असणे ही मेंदूची नेहमीची स्थिती होते. ते नसणे ही अडचण होते.

रक्तातले निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मे होते. पाचच्या बिडीचे सात वाजता अर्धे उरते, नऊला पाव, अकराला आठवा हिस्सा आणि दुपारी एकला सोळावा. असरच्या सुमारास त्याचा मागमूसही फारसा राहत नाही. नेमके याच वेळी गॅरेजमध्ये काय होते? नेहमीचा गिऱ्हाईक येऊन विचारतो, "काय भो, झाली का गाडी?" साधाच प्रश्न, पण तो अंगावर येतो. पाना हातातून निसटतो, शिकाऊ पोरावर आवाज चढतो, मोजलेले नट पुन्हा मोजावे लागतात. चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणे ही सगळी निकोटिन उतरल्याची लक्षणे आहेत. घरचे मात्र म्हणतात, "रोजा लागलाय."

रोजा काही अंशी लागतोच. भूक, तहान, अपुरी झोप आणि सकाळचा न मिळालेला चहा यांनीही डोके जड होते. मग बिडीचा वाटा वेगळा कसा ओळखायचा? शेजारच्या दुकानात बसणाऱ्या, कधीच बिडी न ओढणाऱ्या रोजेदाराकडे पाहावे. उपवास तोच, ऊन तेच. तो थकलेला दिसतो, पण खजूर आणि पाणी घेतल्यावर त्याचे काम भागते, त्याला पुढे काही शोधावे लागत नाही. दुसरी खूण रमजानबाहेरची आहे. पोटभर जेवल्यावर, सावलीत बसल्यावरही तासाभराने हात खिशाकडे जात असेल, तर ती भूक नव्हे. सकाळी डोळा उघडल्यावर पाच मिनिटांत पहिली बिडी लागत असेल, तर पकड घट्ट आहे असे डॉक्टर मानतात. रात्रभरात निकोटिन उतरलेले असते, आणि म्हणूनच ती पहिली बिडी सर्वांत गोड लागते.

गंमत अशी की झुरक्याने शरीर शांत होत नाही. निकोटिनने नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. शरीर उत्तेजित होते आणि माणूस म्हणतो बरे वाटले. हे कोडे 1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्टॅन्ली शॅक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताळले. त्यांनी लोकांना विमानांचा कर्कश आवाज ऐकवला आणि कोण किती वैतागतो ते पाहिले. भरपूर सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ज्यांना निकोटिन मिळाले ते कमी वैतागले, ज्यांना मिळाले नाही ते जास्त. इथपर्यंत सिगारेट हे औषध वाटते. पण कधीच न ओढणाऱ्यांशी तुलना केल्यावर चित्र पालटले. निकोटिन मिळालेले धूम्रपानी त्यांच्यापेक्षा अधिक शांत नव्हते. सिगारेटने त्यांना फक्त तिथवर आणले, जिथे न ओढणारा आधीच उभा होता.

हा व्यवहार सावकारी कर्जासारखा आहे. सकाळच्या बिडीचे व्याज दुपारी ताण होऊन दाराशी येते. ते भागवायला दुसरी बिडी लागते, आणि भागले की सुटल्यासारखे वाटते. व्याज कोणी लावले हे मात्र लक्षात राहत नाही, कारण सुटका झुरक्यासरशी जाणवते आणि ताण तासातासाने हळूहळू चढतो. त्यामुळे ताणाचे खापर गिऱ्हाइकावर, बायकोवर, रोजावर फुटते आणि श्रेय बिडीला मिळते.

इथेच रमजानचा हिशेबही चुकतो. "तीस दिवस दिवसभर सोडतो, तरी सवय जात नाही," असे अनेकजण म्हणतात. कारण साधे आहे. निकोटिन पूर्ण थांबवले की त्रास काही तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. रोजेदाराचे मात्र तेरा-साडेतेरा तास जातात, इफ्तारनंतर बिडी पेटते, तरावीहनंतर आणखी चार पेटतात आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. तीस वेळा तो चढ चढायला लागतो, पण माथा एकदाही ओलांडत नाही. त्रासाचा पहिला भाग तो महिनाभर रोज सोसतो, आणि तो संपल्यानंतरचा आराम त्याला कधीच भेटत नाही.

तो आराम खरा असतो का? 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांनी धूम्रपान सोडले त्यांची चिंता, उदासी आणि ताण, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झाला होता. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांतही हेच दिसले. अशांनी मात्र सोडताना आपल्या डॉक्टरांना सांगावे, कारण काही औषधांची मात्रा बदलावी लागते.

एक गोष्ट बिडीच्या बाजूनेही मान्य करायला हवी. काम थांबवून बाहेर येणे, दोन मिनिटे उभे राहणे, लांब श्वास घेणे, कोणाशी बोलणे यांनी खरोखर हलके वाटते. पण हे सगळे बिडीशिवायही मिळते. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ दुसरीकडे काढता आला की झाले. ज्याला मदत हवी त्याच्यासाठी 1800-11-2356 हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. निकोटिनचा च्युइंगम इफ्तार ते सहेरीच्या दरम्यानच घेता येईल. पट्टीबद्दल डॉक्टरांना आणि आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

गॅरेजवाल्याकडे दिवसाचे तेरा तास आधीच जमा आहेत. कठीण आहेत ती इफ्तारनंतरची पंधरा मिनिटे, आणि तीही पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जास्त. ती पार पडली, तर चौथ्या-पाचव्या संध्याकाळपासून खजूर आणि पाणी यांवरच भागण्याची सुरुवात होऊ शकते, शेजारच्या दुकानदाराचे भागते तसे.